थोरलीचा दमा, धाकटीची धाप

थोरलीला दमा होता आणि धाकटीला थोरली होती. लहानपणापासून त्या घराची मांडणी अशीच. थोरलीच्या छातीत शिट्टी वाजू लागली की धाकटीने पळत जाऊन पंप आणायचा, खिडकी लावायची, आईला हाक मारायची. धाकटी घोड्यासारखी धडधाकट, म्हणून कामं तिच्याकडे. थोरली नाजूक, म्हणून काळजी तिची. पुढे आई-वडील गेले, धाकटीचं नवऱ्याशी पटलं नाही म्हणून ती परत आली, आणि दोघी बहिणी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. थोरली घरीच शिलाई मशीनवर कपडे उसवून आत-बाहेर करून द्यायची, पँटी आखूड करायची, चेन बदलायची. धाकटी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीत बसायची. नळाला पाणी नाही, बिल जास्त आलं, पाण्याला वास येतो, असं म्हणणारी माणसं सकाळपासून तिच्यासमोर रांग लावायची आणि जाड काचेला पाडलेल्या एवढ्याशा भोकातून ती प्रत्येकाला ओरडून उत्तर द्यायची.

गेल्या थंडीत थोरली फार आजारी पडली. अतिदक्षता विभागात होती, बोलता येत नव्हतं, एकेका श्वासासाठी खांदे वर उचलावे लागत होते. धाकटी बाहेरच्या बाकावर बसून राहिली. थोरली बरी होऊन घरी आली तेव्हा दोघींनाही वाटलं की आता जरा हातपाय पसरावेत. पण हातपाय पसरायला वेळ मिळाला नाही, कारण त्यानंतर धाकटीचा श्वास बिघडला.

सुरुवात उसाशांनी झाली. भाजी निवडता निवडता धाकटी मोठा उसासा टाकायची. मग जांभया सुरू झाल्या, झोप आलेली नसताना. मग ती म्हणू लागली की श्वास पुरा भरत नाही, कुठेतरी गळ्याखाली अडतो, वरचा घोट मिळत नाही. जिना चढली की दारात उभी राहून तोंडाने हवा ओढायची. छाती आवळायची, डोकं हलकं व्हायचं.

थोरलीला शंकाच नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि दम्यात तिच्याइतकी कोण जळली होती? ती धाकटीला घेऊन आपल्या जुन्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी थोरलीला शाळेपासून पाहिलेलं. सख्ख्या बहिणीला दमा, हिलाही धाप, छातीत आवळतं, एवढं ऐकून त्यांनी मान डोलवली आणि पंप लिहून दिला. त्यांचंही फार चुकलं असं नाही. त्या घराची धाप म्हटली की कुणालाही दमाच आठवला असता.

पंपाने हात थरथरायला लागले, काळीज धडधडू लागलं. काळीज धडधडलं की धाकटी आणखी घाबरायची आणि आणखी जोराने श्वास घ्यायची. मग दुसरा पंप आला. मग गोळ्या आल्या, त्यांनी तोंड सुजल्यासारखं झालं आणि भूक अशी लागायची की ती उभ्या उभ्या पाव खायची. श्वास मात्र जिथे होता तिथेच. एका दुपारी खिडकीतच तिच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं वाकडी होऊन आखडली, आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. थोरली पोचेपर्यंत सगळं ओसरलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टराने बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला होता, तो उत्तम होता. छाती स्वच्छ होती. त्याने टेन्शन घेऊ नका म्हणून सांगितलं आणि पडदा सरकवून पुढच्या खाटेकडे गेला. असंच पुन्हा एकदा झालं, आणि पुन्हा.

रिक्षा, दवाखाना, बाक, रिक्षा. थोरलीच्या नाकी नऊ आले. मशीनवर कपड्यांचा ढीग साचायचा, गिऱ्हाईकं कुरकुरायची. आणि पाय हलवत बसलेल्या थोरलीच्या मनात हळूहळू एक वेगळाच हिशेब सुरू झाला. आपला दमा पहाटे उठवतो, ही तर ढाराढूर झोपते. आपल्याला खोकला येतो, हिला एक ठसका नाही. आपली छाती शिट्टी वाजवते, हिच्या पाठीला कान लावला तर आत शांत. आपल्याला धुराने, धुळीने, थंडीने होतं. हिला खिडकीत बसून होतं, फोनवर बोलताना होतं, नुसतं सोफ्यावर बसूनही होतं. आणि पंपाने आपल्याला दार उघडल्यासारखं वाटतं, हिला काहीच वाटत नाही.

हा सगळा हिशेब बरोबर होता. त्यातून तिने काढलेलं उत्तर तेवढं चुकलं, की ही आपली नक्कल करते. एका संध्याकाळी धाकटी जेवता जेवता घास ठेवून तोंड वासून हवा ओढू लागली, तेव्हा थोरलीच्या तोंडून गेलं, "आता माझं आजारपणसुद्धा तुला हवंय का?"

धाकटीने ताट उचलून मोरीत ठेवलं आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. थोरलीला तिची पाठ दिसत होती. दर थोड्या वेळाने खांदे वर जायचे आणि पडायचे. बोललेलं परत घेता येत नाही हे थोरलीला कळत होतं, आणि परत घ्यायची ताकदही तिच्यात उरली नव्हती.

सकाळी मात्र ती स्वतःच्या छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेली. थंडीत तिला याच बाईंनी वाचवलं होतं. तिने धाकटीचं सगळं सांगितलं, नक्कल हा शब्द सोडून. बाईंनी मध्ये काही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या की दमा आहे की नाही हे गृहीत धरण्यापेक्षा मोजलेलं बरं, तिला घेऊन या.

मग तपासण्या झाल्या. धाकटीने नळीत जोराने फुंकून दाखवलं. आकडे चांगले आले, आणि पंप देऊन पुन्हा फुंकायला लावलं तरी ते तेवढेच राहिले. तरीही दम्याला लपायची सवय असते, असं म्हणून बाईंनी दुसऱ्या दिवशी आणखी एक तपासणी ठेवली. त्यासाठी पंप आधीपासून बंद ठेवायला सांगितला होता. या तपासणीत एक औषध वाफेसारखं हुंगायला देतात, दर खेपेला थोडं अधिक. दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या त्याने लवकर आवळतात आणि फुंकीचा आकडा घसरतो. तंत्रज्ञ शेजारी उतारा घेऊन बसून असतो.

थोरली काचेच्या दाराबाहेर उभी होती. मधल्याच एका खेपेला धाकटीला तिची ती धाप लागली. खांदे वर, तोंड उघडं, बोटं चोळायला लागली. थोरली आत धावणार होती. पण तंत्रज्ञाने शांतपणे धाकटीला फुंकायला लावलं आणि पडद्याकडे बोट केलं. आकडा जागचा हलला नव्हता. शेवटच्या खेपेपर्यंत तो हलला नाही.

"दमा नाही," बाई म्हणाल्या.

थोरलीने सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच श्वासात तिला राग आला. "म्हणजे काहीच नाही ना हिला? मग हे सगळं काय होतं?"

"काहीच नाही असं मी कुठे म्हटलं? नळ्या मोकळ्या आहेत. श्वास घ्यायची पद्धत बिघडली आहे. हिला जे होतं ते खरंच होतं, आता माझ्यासमोर झालं."

धाकटी खाली मान घालून रुमालाची घडी करत होती. तिने वर पाहिलं नाही, पण घडी करायची थांबली.

बाईंनी समजावून सांगितलं. माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेऊ लागला की आतला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो. तो नुसता टाकाऊ वायू नाही, रक्तात तो ठरावीक प्रमाणात लागतो. कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं, नसा चिडखोर होतात म्हणून मुंग्या येतात, बोटं आखडतात. छाती आवळते. आणि गंमत अशी की हवा भरपूर असूनही हवा कमी पडल्यासारखी वाटते. मग माणूस आणखी मोठा श्वास घेतो, म्हणजे आगीत तेल. पुन्हा आधीचा श्वास पुरता सोडलेला नसतो, भरलेल्या छातीत नवा श्वास मावणार कुठे? काळजीने हे सुरू होऊ शकतं, पण पुढे काळजी नसली तरी सवय राहते. पंप आता लागणार नव्हते. गोळ्या मात्र एकदम बंद करायच्या नव्हत्या, त्या कशा उतरवायच्या ते बाईंनी लिहून दिलं. श्वासासाठी त्यांनी तळमजल्यावरच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

हा फिजिओथेरपिस्ट म्हणजे एक जाडजूड, सावकाश बोलणारा गृहस्थ. त्याची खोली जिन्याखाली होती, वर कुणी चाललं की छत वाजायचं. दोघी बहिणी त्याला आपसात मास्तर म्हणू लागल्या. त्याने पहिल्या दिवशी धाकटीला काहीच करायला लावलं नाही. ऑफिसात काय काम असतं, लोक काय काय तक्रारी घेऊन येतात, एवढंच विचारत बसला. धाकटी सांगत सुटली. तिचं झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही बोलत होता तेव्हा मी तुमचे श्वास मोजले. पळत आलेल्या माणसाइतके आहेत. आणि पोट आत ओढून, सगळे वरच्या छातीतून. एक वाक्य संपायच्या आत तोंडाने घोट घेता आणि तसंच पुढे जाता."

"काचेमागून ऐकू जात नाही ना कुणाला," धाकटी म्हणाली.

"घरी कोण असतं?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. मास्तरांनी थोरलीला विचारलं की हिला असं झालं की तुम्ही काय करता. थोरलीने अभिमानाने सांगितलं की मी पाठीवर हात ठेवते आणि दीर्घ श्वास घे, आणखी दीर्घ घे म्हणते.

"ते आजपासून बंद," मास्तर म्हणाले.

थोरली घरी आली ती घुम्यासारखी. सारा जन्म दम्यात काढला आणि आता श्वासाबद्दल आपल्याला कुणी शिकवावं? धाकटी ऑफिसातून आणलेलं काम घेऊन खिडकीशी बसली, थोरली समोर एका पँटची शिवण उसवत होती. उसवता उसवता तिचं लक्ष बहिणीच्या खांद्यांवर गेलं. वर, खाली. वर, खाली. पाहू तरी, असं मनाशी म्हणून तिने कात्री ठेवली आणि बहिणीच्या श्वासाला श्वास लावला. तोंड उघडून, छातीच्या वरच्या भागातून, तिच्याच चालीने. दर थोड्या वेळाने तिच्यासारखाच उसासा.

आधी हसू आलं. मग डोकं हलकं झालं, खोली जरा लांब गेल्यासारखी वाटली. ओठ बधिर झाले. बोटांच्या टोकांना अशा मुंग्या आल्या की मांडीवरची पँट हाताला लागते आहे की नाही ते कळेना. आणि मग, इतका वारा आत-बाहेर होत असताना, तिला वाटलं की श्वास पुरत नाही. वरचा घोट मिळत नाही. ती घाबरली. ही भीती तिच्या ओळखीची नव्हती. दम्यात आत कोंडल्यासारखं होई, हवा बाहेर जाता जात नसे. इथे सगळी दारं सताड उघडी होती आणि तरी जीव गुदमरत होता.

तेवढ्यात तिचा स्वतःचा दमाही जागा झाला. तोंडाने ओढलेल्या कोरड्या हवेने ठसका लागला, छातीत बारीक शिट्टी वाजली. धाकटीने कागद टाकले, पंप आणून तिच्या हातात दिला. पंपाने शिट्टी थांबली. मुंग्या थांबायला थोडा वेळ लागला.

"काय करत होतीस ताई?" धाकटीने विचारलं.

थोरलीने पंप खाली ठेवला. म्हणाली, "तुझ्यासारखा श्वास घेऊन पाहिला. हे तू रोज काढतेस?"

धाकटीने मान हलवली. थोरलीने तिचा हात हातात घेतला आणि बोटं चोळून दिली, एकेक करून. जेवताना टाकलेल्या त्या वाक्याबद्दल दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही. मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी थोरलीला चांगलंच फैलावर घेतलं. दम्याच्या माणसाने असले प्रयोग करायचे नसतात, जोरजोरात श्वास घेतल्याने नळ्या आवळतात, तुमचं नशीब की थोडक्यात निभावलं.

शिकवणी सुरू झाली. सांगायला ती इतकी साधी होती की धाकटीला पहिल्यांदा फसवल्यासारखं वाटलं. उताणं पडायचं, गुडघे दुमडायचे, एक हात पोटावर, एक छातीवर. तोंड बंद. नाकाने श्वास, आणि तो लहान, शेजारच्याला ऐकू न येणारा. पोटावरचा हात हलावा, छातीवरचा नाही. बाहेर सोडताना घाई नाही, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांब, आणि सोडल्यावर जरासं थांबायचं, पुढचा श्वास आपण होऊन येईपर्यंत. उसासा यायला लागला तर आवंढा गिळायचा आणि तो जाऊ द्यायचा.

करायला मात्र ते महाकठीण होतं. श्वास लहान केला की धाकटीला वाटायचं आता मरतेच. मास्तर म्हणायचे की थोडी हवेची भूक लागणारच, शरीराला कमी कार्बन डायऑक्साइडची सवय झाली आहे, तो वाढून नेहमीइतका झाला तरी ते बोंब मारतं. फार भूक लागली तर थांबा, पण थोडी सोसा, दम धरा. धाकटी पलंगावर डोळे मिटून सोसायची. कधी रडायची. पहिले काही आठवडे कसला म्हणून फरक पडला नाही. आठवड्याला एकदा तळमजला, रोज सकाळ-संध्याकाळ पलंग. गोळ्या उतरत गेल्या तशी ती आणखीच मरगळली. थोरलीला वाटायचं की आगीतून उठून फुफाट्यात पडलो. पण तिचंही एक काम होतं, आणि ते तिला त्याहून जड जात होतं. बरं आहे ना, असं विचारायचं नाही. पाठीवर हात ठेवून श्वास घे म्हणायचं नाही. ती मशीन चालवत राहायची आणि जीभ दाताखाली धरायची.

फरक आधी दिसला तो थोरलीलाच. एका सकाळी भाजी निवडताना तिच्या लक्षात आलं की घरात शांतता आहे. उसासा नाही. तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर धाकटीच्या लक्षात आलं असतं, आणि लक्षात आलं की बिघडतं, एवढं आता तिलाही ठाऊक होतं.

पडून जमलं तसं बसून, मग चालताना, मग जिन्यावर. जिन्यावर धाकटी पहिल्या मजल्यावर थांबायची, तोंड मिटून, कठडा धरून. खालचे शेजारी विचारायचे, दम लागला का? ती म्हणायची, नाही, दम खातेय. सगळ्यात शेवटी बोलणं आलं, आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. मास्तरांनी सांगितलं की वाक्य लहान ठेवा, वाक्य संपलं की तोंड बंद करा, नाकाने श्वास येऊ द्या, मगच पुढचं. धाकटी म्हणाली की एवढ्या वेळात माणसं मला फाडून खातील.

आणि एकदा खाल्लंच. मोठी जलवाहिनी फुटली, अर्ध्या गावाला पाणी नव्हतं. सकाळपासून रांग दाराबाहेर गेली होती. दुपारी धाकटीचा फोन आला, तिची वाक्यं तुटत होती. "ताई, पुन्हा होतंय."

थोरलीच्या जिभेवर जुनंच वाक्य आलं होतं. ते तिने गिळलं. "मी येते," एवढंच म्हणाली.

ती पोचली तेव्हा धाकटी खिडकीत नव्हती. मागच्या खोलीत फायलींच्या कपाटाशेजारी खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, तोंड मिटलेलं. बोटं थोडी आखडली होती. कारकून दवाखान्यात नेऊया म्हणत होता. थोरलीने तिच्या छातीकडे पाहिलं, पाठीला कान लावला. शिट्टी नव्हती. ओठ निळे नव्हते. ती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि आपल्या पोटावर हात ठेवून स्वतःच सावकाश श्वास सोडू लागली. काही म्हणाली नाही. कारकून दारात उभा राहून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. बाहेर माणसं काचेवर नाणी वाजवत होती.

बराच वेळ गेला. धाकटीची बोटं सुटली. तिने ती उघडून-मिटून पाहिली. मग उठली, साडी नीट केली आणि खिडकीत जाऊन बसली. पहिल्याच माणसाने तोंडसुख घेतलं, बाई जेवायला गेल्या होत्या का म्हणून. धाकटी त्याचं संपेपर्यंत थांबली. त्याचं संपल्यावरही जराशी थांबली. "जलवाहिनी फुटली आहे," ती म्हणाली. तोंड मिटलं. खांदे जागच्या जागी होते. "काम चालू आहे." पुन्हा तोंड मिटलं. "टँकर संध्याकाळी येईल." माणसाला इतक्या सावकाश उत्तराची सवय नसावी. तो भोकाला कान लावून मुकाट्याने ऐकत राहिला.

थोरली बाकावर बसून होती. तिला घरी जायचं होतं, कपडे पडले होते, पाठ दुखत होती. पण ती कार्यालय बंद होईपर्यंत बसली.

त्यानंतरही धाकटीला अधूनमधून होतंच. जागरण झालं, सर्दीने नाक चोंदलं, वरिष्ठांनी झापलं की खांदे वर जायचे. पण आता ते कशाने झालं हे तिला कळायचं, आणि दवाखान्याची रिक्षा लागत नव्हती. पंपांची आता गरज नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासून सांगितलं. मास्तरांनी जाता जाता थोरलीलाही शिकवणीत ओढलं. तुमचा दमा याने जाणार नाही, पंप सोडायचा नाही, पण धाप लागली की भीतीने जी वरची भर पडते ती कमी होईल, असं ते म्हणाले. थोरलीने कपाळाला आठ्या घातल्या आणि उताणी पडली. पोटावर हात ठेवला. शेजारच्या पलंगावर धाकटी पडली होती.

"ताई, छाती हलतेय तुझी," धाकटी म्हणाली.

"तू तुझं बघ," थोरली म्हणाली, आणि हात जरा खाली सरकवला.